विसांतले एकोणीस ठिपके

दुकानात भिंतीवर लावलेल्या फोर-के टीव्हीवर हिमशिखरे, प्रवाळ आणि रंगीत पोपट झळकत असतात. तोच ४३ इंची संच घरी येतो, त्याला डीडी फ्री डिशचा सेट टॉप बॉक्स जोडला जातो, सह्याद्री वाहिनीवर जुन्या मालिकेचा भाग लागतो आणि घरातले कुणीतरी हमखास म्हणते, "आपला जुना डबाच बरा होता." दुकानदार म्हणतो, वाहिनीच तशी आहे. वाहिनी तशी आहे हे खरे, पण तेवढ्याने जुन्या टीव्हीवर तेच चित्र बरे का दिसत होते, हे कळत नाही. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवले गेले, तेव्हा हा प्रश्न लाखो घरांत एकाच वेळी पडला असणार. ज्यांनी ही मालिका १९८७-८८ मध्ये २०-२१ इंची टीव्हीवर पाहिली होती, ते आता ती दुप्पट मोठ्या पडद्यावर पाहत होते.

आधी हिशेब मांडू. आपल्याकडे साध्या, म्हणजे एसडी दर्जाच्या चित्राचे पूर्ण माप ७२० आडवे आणि ५७६ उभे ठिपके असे आहे. दूरचित्रवाणीच्या डिजिटल चित्राचे हे माप १९८२ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेही त्याच वर्षी. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके असतात. भागाकार बरोबर २० येतो. पडदाभर पसरलेले एसडी चित्र पाहताना दर २० ठिपक्यांमागे एका ठिपक्याचीच माहिती वाहिनीकडून आलेली असते. उरलेले १९ टीव्ही स्वतः अंदाजाने भरतो. या भरण्याला अपस्केलिंग म्हणतात. उपग्रहावरची जागा महाग असल्याने काही वाहिन्या ७२० पेक्षाही कमी आडवे ठिपके पाठवतात. तिथे अंदाजाचा वाटा आणखी वाढतो.

अंदाज बांधण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढणे. एक ठिपका काळा, पुढचा पांढरा, तर मधल्या जागेत राखाडीच्या उतरत्या छटा भरायच्या. त्यामुळे चित्र मऊ आणि धूसर दिसते. बऱ्या संचांत याहून रुंद परिसर तपासला जातो. कड कोणत्या दिशेने चालली आहे ते पाहून त्या दिशेनेच ठिपके भरले जातात, त्यामुळे तिरप्या रेषेला पायऱ्या पडत नाहीत. अलीकडच्या महागड्या संचांतल्या चिपला एकाच दृश्याच्या लहान आणि मोठ्या प्रतींच्या असंख्य जोड्या दाखवून शिकवलेले असते, म्हणजे लहान प्रतीतली अमुक खूण मोठ्या प्रतीत केसासारखी किंवा विटेसारखी दिसते हे तिने साठवलेले असते. गवत, भिंत, केस यांच्यावर हे तंत्र छान चालते. पण मूळ चित्रात चेहराच जेमतेम ३० ठिपक्यांचा असेल, तर त्यातले डोळे कसे होते हे कोणत्याही चिपला कळू शकत नाही. अशा वेळी मेणाच्या पुतळ्यासारखा गुळगुळीत चेहरा तयार होतो. दुकानाच्या पाटीवरची लहान अक्षरे तर वाचता येण्याऐवजी अक्षरांसारख्या दिसणाऱ्या नक्षीत बदलतात.

ठिपके वाढवण्याच्या आधी टीव्हीला आणखी एक अवघड काम उरकावे लागते आणि जुन्या कार्यक्रमांचे बरेचसे नुकसान तिथेच होते. जुने प्रक्षेपण पूर्ण चित्रे एकामागून एक पाठवत नसे. आधी १, ३, ५ अशा विषम ओळी जात, मग २, ४, ६ अशा सम ओळी. सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रे. काचेच्या नळीचा टीव्ही ती तशीच, एकाआड एक रंगवत असे. आजचा पडदा मात्र एकदम पूर्ण चित्र दाखवतो, म्हणून दोन अर्धी चित्रे आधी जुळवावी लागतात. स्टुडिओतल्या व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेल्या नाटकात या दोन अर्ध्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. तेवढ्यात नटाचा हात थोडा सरकलेला असतो. दोन्ही अर्धी तशीच जोडली तर हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. चांगला संच हलणारा भाग ओळखून तिथल्या ओळी नव्याने रचतो आणि स्थिर भागात दोन्ही अर्ध्यांचा पूर्ण तपशील वापरतो. बातम्यांच्या वाहिनीवर तळाशी सरकणारी पट्टी हे याचे उत्तम परीक्षण आहे. तिच्यातल्या अक्षरांच्या उभ्या कडा करवतीसारख्या दिसल्या किंवा अक्षरे थरथरली, तर जुळवणी फसली आहे असे खुशाल समजावे.

ही जुळवणी टीव्ही करतो की सेट टॉप बॉक्स, हे बहुतेक घरांत कुणी पाहिलेलेच नसते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये 576i, 576p, 1080i, 1080p असे पर्याय असतात. 1080p निवडले की ओळी जुळवणे आणि ठिपके वाढवणे ही दोन्ही कामे बॉक्समधली स्वस्त चिप उरकते. टीव्हीकडे येते ते आधीच फुगवलेले चित्र, आणि एकदा झालेली चूक पुढे सुधारता येत नाही. 576i निवडले तर चित्र जवळपास जसे आले तसे टीव्हीकडे जाते आणि दोन्ही कामे टीव्हीच्या चिपकडे येतात. संच नामवंत कंपनीचा आणि मधल्या किमतीचा असेल तर बहुधा यात फायदा होतो. संच अगदीच स्वस्त असेल तर उलटेही घडू शकते. म्हणून दोन्ही पर्याय लावून बातम्यांची पट्टी दोन-दोन मिनिटे पाहावी आणि ठरवावे. तीच गोष्ट केबलची. बॉक्स अजून पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांनी जोडलेला असेल तर आधी एचडीएमआय केबल लावावी. पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळून येतात. ते पुन्हा वेगळे करताना चौकडीच्या शर्टावर इंद्रधनुष्यी रंग नाचू लागतात. ही खोट कोणत्याही सेटिंगने नीट जात नाही.

मग प्रश्न येतो मुंग्यांचा. अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत. आज डिजिटल प्रक्षेपणात सिग्नलच्या मुंग्या येत नाहीत, सिग्नल गेला तर चित्र गोठते किंवा तुटते. तरीही जुन्या कार्यक्रमात बारीक वळवळ दिसते, कारण ती चित्रफितीतच आहे. कमी उजेडात काम करणारे कॅमेरे, चुंबकीय फिती, फितीवरून फितीवर उतरवलेल्या प्रती, या प्रत्येक टप्प्यावर थोडी भर पडत गेली.

पण पडद्यावर दिसणारी सगळी घाण एकाच जातीची नसते. दुसरी जात डिजिटल दाबण्यातून येते. फ्री डिशवरच्या बऱ्याच वाहिन्या वापरतात त्या एमपेग-२ पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील गरजेनुसार टाकून दिला जातो. चित्र स्थिर आणि स्वच्छ असेल तर हे कळतही नाही. मुंग्यांनी भरलेले जुने चित्र मात्र या पद्धतीला अतिशय जड जाते, कारण प्रत्येक मुंगी हा तिच्या दृष्टीने नवा तपशील असतो. वाट्याला आलेली जागा संपते आणि तुकड्यांच्या कडा उघड्या पडून चौकोन दिसू लागतात. अक्षरांभोवती आणि चेहऱ्याच्या कडेला डासांचा थवा घोंगावावा तशी थरथर दिसते. तंत्रज्ञही तिला डासांचेच नाव देतात. आता माप पाहा. जुन्या २१ इंची संचावर असा चौकोन साधारण ४ मिलिमीटरचा असे आणि काचेच्या नळीची मूळची मऊ झाक तो पुसून टाकत असे. ४३ इंची फोर-के पडद्यावर तोच चौकोन साडेसात-आठ मिलिमीटरचा होतो, आणि हा पडदा काहीच पुसत नाही. जुना डबा बरा वाटण्याचे मोठे कारण हे आहे.

म्हणूनच मेनूमध्ये बहुधा दोन वेगळे पर्याय असतात. एकाचे नाव Noise Reduction किंवा Random Noise Reduction, दुसऱ्याचे MPEG Noise Reduction किंवा Digital Noise Reduction. पहिला मुंग्यांसाठी, दुसरा चौकोन आणि डासांसाठी. काही कंपन्या दोन्ही एकाच नावाखाली ठेवतात, तिथे निवडीला वाव कमी राहतो.

मुंग्या घालवण्याची युक्ती अशी की लागोपाठची चित्रे एकमेकांशी ताडून पाहायची. भिंत प्रत्येक चित्रात तिथेच असते, मुंग्या मात्र दर वेळी जागा बदलतात. चार चित्रांची सरासरी काढली की भिंत तशीच राहते आणि मुंग्या निम्म्यावर येतात. पण चार चित्रे म्हणजे जवळपास सेकंदाचा सहावा भाग, आणि तेवढ्यात बोलणाऱ्याचे ओठ मिटून उघडतात. हलणारा भाग सरासरीतून वगळायला टीव्ही चुकला, तर हाताच्या मागे पुसट सावली ओढली जाते, चेंडूला शेपूट फुटते आणि सरकत्या पट्टीतली अक्षरे एकमेकांत मिसळतात. हा पर्याय High वर ठेवलेल्या संचात जुने नाटक पाहताना दिसणारी खूण अगदी ठरलेली आहे. माणूस स्थिर बसला असला की त्याचा गाल गुळगुळीत असतो, त्याने मान वळवली की गालावर मुंग्या परत येतात, थांबला की पुन्हा जातात. चेहऱ्याचा पोत असा सारखा बदलणे डोळ्याला मूळ मुंग्यांहून जास्त त्रास देते.

आता शार्पनेस. या एका पर्यायाने जुन्या कार्यक्रमांचे जितके वाटोळे होते तितके बाकी कशानेच होत नसेल. नाव ऐकून वाटते की आकडा वाढवला की तपशील वाढतो. प्रत्यक्षात टीव्ही कड शोधतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना फरक वाढवतो. समजा गडद केसांची उजळणी ६० आहे आणि मागच्या पडद्याची १८०. शार्पनेस वाढवला की कडेलगतचे केस ४० वर उतरतात आणि कडेलगतचा पडदा २०० वर चढतो. डोळ्याला कड धारदार भासते, पण केसांभोवती मुळात नसलेली पांढरी किनार तयार होते. शिवाय टीव्हीच्या लेखी मुंगीही कडच असते आणि चौकोनाची सीमाही कडच. त्यामुळे त्याही धारदार होतात.

जुन्या कार्यक्रमात याच्या जोडीला आणखी एक पेच असतो. स्टुडिओतल्या कॅमेऱ्यांत कडा उठावदार करणारी योजना त्या काळीही होती, कारण घरोघरचे लहान टीव्ही मऊ दिसत. म्हणजे ती पांढरी किनार फितीवर आधीच कोरलेली आहे. जुन्या संचावर ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असल्याने कुणाला दिसली नाही. ४३ इंची पडद्यावर ती मिलिमीटरभर रुंद होते, आणि टीव्हीचा शार्पनेस तिलाच कड समजून तिच्या बाहेर दुसरी किनार काढतो. जुन्या मुलाखतीत फिकट भिंतीपुढे बसलेल्या माणसाच्या खांद्याभोवती दुहेरी रेघ दिसली, तर यातली आतली रेघ कॅमेऱ्याची आणि बाहेरची घरच्या संचाची. बाहेरची घालवणे आपल्या हातात आहे, आतली नाही.

शार्पनेस कुठे थांबवायचा हे आकड्यावरून सांगता येत नाही, कारण प्रत्येक कंपनीची मोजपट्टी निराळी. सोनीच्या बऱ्याच संचांत ५० हा तटस्थ आकडा आहे, त्याखाली चित्र उलट धूसर होते. सॅमसंगच्या बऱ्याच संचांत तटस्थ बिंदू शून्यापाशी असतो. आपल्या संचाचा बिंदू शोधायचा तर वाहिनीचे बोधचिन्ह किंवा बॉक्सच्या मेनूतली अक्षरे पडद्यावर आणावीत, शार्पनेस पूर्ण वाढवावा आणि अक्षरांभोवतीची पांढरी किनार नीट पाहून घ्यावी. मग आकडा हळूहळू खाली आणत किनार नाहीशी होते तिथे थांबावे. जुन्या कार्यक्रमासाठी तो बिंदू किंवा त्याच्या किंचित खाली हीच योग्य जागा.

एक प्रसंग सुरुवातीपासून लावून पाहू. ४३ इंची फोर-के संच, एचडीएमआयने जोडलेला बॉक्स, आणि पडद्यावर सत्तरच्या दशकाच्या अखेरचा कृष्णधवल कार्यक्रम. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची 'चिमणराव-गुंड्याभाऊ' त्याच काळातली. पहिले काम चित्राच्या आकाराचे. त्या काळचे चित्र चारास तीन या प्रमाणात आहे. ते पडदाभर ताणले की माणसे बुटकी आणि जाड दिसतात. आकार 4:3 केला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, पण माणसे माणसांसारखी दिसतात आणि टीव्हीला विसांऐवजी पंधरा पटच फुगवावे लागते. दुसरे काम पिक्चर मोडचे. Vivid किंवा Dynamic मध्ये शार्पनेस आणि उजळपणा मुळातच चढा असतो, म्हणून Cinema किंवा Standard घ्यावा. Filmmaker Mode नव्या चित्रपटांना योग्य असला तरी तो सगळी सफाई बंद करतो. एसडीवर काही सफाई लागतेच.

यानंतर दोन्ही नॉइज रिडक्शन बंद करून, शार्पनेस तटस्थ बिंदूवर आणून चित्र आहे तसे पाच मिनिटे पाहावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग कोणता पर्याय काय करतो आहे हेच कळत नाही. चौकोन खुपत असतील तर आधी MPEG Noise Reduction फक्त Low वर. मुंग्या अजून खुपत असतील तर दुसराही Low वर. मग चिमणराव बोलत असताना त्याचे ओठ आणि मागच्या भिंतीवरचा पोत पाहावा. ओठांमागे सावली ओढली जाऊ लागली किंवा सदऱ्याच्या कापडाची वीण नाहीशी झाली, तर एक पायरी मागे यावे. शेवटी कृष्णधवल चित्रासाठी एक सोपा उपाय, जो फारसा कुणी करत नाही: Color शून्यावर न्यावा. कृष्णधवल फितीवरून रंगीत यंत्रणेतून आलेल्या चित्रात निळसर-तांबूस डाग तरंगत असतात. रंग शून्य केला की ते एका झटक्यात जातात आणि चित्र कितीतरी शांत होते.

ऐंशीच्या दशकातल्या रंगीत कार्यक्रमात हा उपाय अर्थातच चालणार नाही. तिथे लाल साडीचा रंग काठाबाहेर ओघळलेला दिसतो. एसडी प्रक्षेपणात रंगाची माहिती उजेडाच्या चौथाईच, ३६० गुणिले २८८ इतकीच असते, आणि जुन्या फितींत त्याहूनही कमी. शार्पनेस हा ओघळ आवरू शकत नाही. Color दोन-चार अंशांनी कमी केला तर तो निदान डोळ्यांत भरत नाही.

यूट्यूबवरच्या जुन्या भागांची गोष्ट वेगळी. अनेकदा ते चढवतानाच ओळींची जुळवणी चुकलेली असते आणि कंगव्याचे दात चित्रात कायमचे बसलेले असतात. टीव्हीच्या दृष्टीने ते पूर्ण चित्र असल्याने तो त्यांना हात लावत नाही. तिथे सेटिंगशी झटण्यात वेळ घालवू नये. त्याच भागाची दुसरी प्रत मिळते का ते पाहावे.

एक उपाय मेनूच्या बाहेरचा आहे. चारास तीन प्रमाणात ४३ इंची पडद्यावर एसडीची एक ओळ सुमारे ०.९३ मिलिमीटर उंच असते. साधारण चांगल्या नजरेला अशा दोन ओळी वेगळ्या दिसेनाशा होतात त्या सव्वातीन मीटरवरून, म्हणजे साडेदहा फुटांवरून. शहरातल्या दिवाणखान्यात सोफा बहुधा सहा-सात फुटांवर असतो. जिथे शक्य असेल तिथे जुना कार्यक्रम पाहताना खुर्ची मागे सरकवली, तर जो परिणाम होतो तो कोणत्याही नॉइज रिडक्शनला साधत नाही.

ही सगळी मांडणी झाल्यावर ती एका वेगळ्या पिक्चर मोडमध्ये ठेवून द्यावी. बहुतेक संच प्रत्येक एचडीएमआय जोडणीचे सेटिंग निराळे लक्षात ठेवतात, पण एकाच बॉक्समधून एचडी क्रिकेट आणि एसडी जुने नाटक दोन्ही येत असतील तर जोडणी एकच राहते. जुन्या नाटकासाठी लावलेली सफाई क्रिकेटच्या चेंडूला शेपूट लावेल. Cinema जुन्यासाठी आणि Standard एचडीसाठी अशी विभागणी केली की रिमोटवरच्या दोन-तीन बटणांत काम होते.

आणि ज्यांना अजून संच घ्यायचा आहे त्यांनी दुकानातल्या पोपटांवर आणि प्रवाळांवर जाऊ नये, ती चित्रे मुळातच फोर-के असतात. दुकानदाराला एसडी वाहिनी लावायला सांगावी, पिक्चर मोड Vivid वरून Standard वर आणावा आणि दोन संच शेजारी शेजारी ठेवून बातम्यांची सरकती पट्टी आणि निवेदकाचे केस पाहावेत. घरात सह्याद्री आणि जुने कार्यक्रमच जास्त पाहिले जाणार असतील, तर याच पैशांत ५५ इंची साध्या संचापेक्षा चांगल्या चिपचा ४३ इंची संच घ्यावा.